वाचलेली मिनिटे जातात कुठे?

लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीचा धंदा चहाचा, केकचा आणि शहरभर पसरलेल्या टी-शॉप्सचा. नफा पैशा-पैशाचा आणि हिशेबाचे कागद मात्र डोंगराएवढे. १९४७ साली कंपनीच्या काही अधिकाऱ्यांनी संचालकांपुढे एक अहवाल ठेवला. सुमारे १ लाख पौंड खर्चून हिशेबाचे इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधले, तर वर्षाला ५० हजार पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. यंत्र खरोखरच उभे राहिले. त्याचे नाव लिओ. १९५१च्या नोव्हेंबरात त्याच्यावर बेकरीचा हिशेब सुरू झाला आणि पुढे पगारपत्रकही आले. मुरलेल्या कारकुनाला एका कामगाराचा पगार काढायला आठ मिनिटे लागत. लिओ ते काम दीड सेकंदात उरकी.

ऑफिसात नवे सॉफ्टवेअर आणण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात आजही हीच दोन आकड्यांची जोडी दिसते: आधी इतकी मिनिटे, नंतर इतकी. दोन्हींची वजाबाकी करायची, त्याला कामाच्या संख्येने गुणायचे, मग पगाराच्या दराने गुणायचे, की बचत तयार. गणितात चूक काढता येत नाही. चूक असते ती गणिताच्या आधी. कारकुनाची आठ मिनिटे मोकळी झाली, पण त्याचा पगार महिनाअखेरीला पूर्वीइतकाच गेला, तर तिजोरीत नेमके काय आले? लायन्सचे काम हजारो कामगारांचे आणि दर आठवड्याचे होते. एवढ्या ढिगातून मिनिटे गोळा केली की अख्ख्या माणसांचे काम निघते. सहा जणांच्या हिशेब खात्यात तसे होईलच असे नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ पीटर सॅसोन यांनी १९८०च्या दशकात ऑफिस ऑटोमेशनच्या प्रस्तावांचा अभ्यास केला, तेव्हा ‘वाचलेला वेळ गुणिले पगार’ या रीतीवरच त्यांनी बोट ठेवले. वाचलेल्या वेळाचे मोल तो वेळ पुढे कशात जातो यावर ठरते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. व्यवस्थापकाचा तास टायपिंगमधून सुटून व्यवस्थापनाच्या कामाला लागला तर त्याची किंमत एक, आणि तो तास नुसताच सैल झाला तर दुसरी.

हे कागदावर कसे उतरते ते पाहण्यासाठी नमुन्यादाखल एक कारखाना घेऊ. कारखाना काल्पनिक आहे, पण असे कारखाने भोसरीत किंवा सातपूरला गल्लीगल्लीत सापडतील. सुट्या भागांचे उत्पादन, हिशेब खात्यात सहा जण आणि महिन्याला पुरवठादारांची १,८०० बिले. बिल आले की त्याची पर्चेस ऑर्डरशी आणि स्टोअर्सच्या आवक पावतीशी गाठ घालायची, जीएसटी तपासायचा, एंट्री मारायची, दोन सह्या घ्यायच्या आणि पेमेंटला पाठवायचे. हे सगळे स्क्रीनवर आणणारे सॉफ्टवेअर घ्यावे, असा विचार चालू आहे. सुरुवातीचा खर्च ५ लाख रुपये, शिवाय दरवर्षी ६० हजार.

विक्रेत्याच्या प्रतिनिधीने प्रस्ताव आणला तो असा. आज एका बिलाला २० मिनिटे लागतात, पुढे ८ लागतील. वर्षाची २१,६०० बिले, दर बिलामागे १२ मिनिटे, म्हणजे ४,३२० तास. तासाला २०० रुपये धरले तर ८ लाख ६४ हजार. दुबार पेमेंट थांबल्याने ३ लाख. लवकर पैसे दिल्यावर मिळणारा कॅश डिस्काउंट २ लाख. एकूण १३ लाख ६४ हजार रुपये वर्षाला! पाच महिन्यांत पैसे वसूल. खाली बारीक अक्षरात ‘शिवाय पुरवठादारांचा विश्वास, कर्मचाऱ्यांचे समाधान आणि जलद निर्णय’ हेही होते. त्यापुढे आकडा नव्हता, एवढी सभ्यता त्याने पाळली.

कारखान्याच्या लेखाप्रमुख बाईंनी पहिली गोष्ट केली ती मोजण्याची. २० मिनिटे हा आकडा कुणीतरी मीटिंगमध्ये ‘साधारण’ म्हणून सांगितला होता. बाईंनी महिन्याच्या मधल्या आठवड्यातली आणि शेवटच्या आठवड्यातली मिळून काही बिले निवडली आणि प्रत्येकावर हाताला घेतल्याची आणि हातावेगळी झाल्याची वेळ लिहायला लावली. मध्ये फोन आला, चहा आला तर तेवढी मिनिटे वजा. सरळ बिलाला १४ मिनिटे लागत होती. लोकांना आठवत होती ती अडलेली बिले. ऑर्डर ५०० नगांची, आवक ४८०ची आणि बिल पुन्हा ५००चे. अशा बिलासाठी स्टोअर्समध्ये जावे लागते, पुरवठादाराला फोन करावा लागतो, क्रेडिट नोट मागवावी लागते. दहातली तीन बिले या जातीची निघाली. आणि त्यांच्यापुढे सॉफ्टवेअर फक्त लाल खूण दाखवणार होते. स्टोअर्सपर्यंत चालत जाणे माणसाच्याच नशिबी राहणार होते.

तेव्हा बचत धरायची ती सरळ बिलांवर. १५,१२० बिले, दर बिलामागे १४ वजा ८ म्हणजे ६ मिनिटे. वर्षाला १,५१२ तास. विक्रेत्याच्या आकड्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा, आणि अजून रुपयाचा प्रश्न आलेलाच नाही.

तो आला की सगळ्यात अवघड भाग सुरू होतो. १,५१२ तास सहा माणसांत विभागले तर प्रत्येकाची दिवसाला पन्नासेक मिनिटे सुटतात. पन्नास मिनिटांचा माणूस कमी करता येत नाही. मग पैसा कुठे कमी जाईल ते एकेक शोधावे लागते. महिनाअखेरीच्या ओव्हरटाइमवर वर्षाला २ लाख ४० हजार जात होते, तासाला दुप्पट दराने म्हणजे ४०० रुपयांनी ६०० तास. हजेरीचे कागद काढून पाहिले तेव्हा त्यातला दोन तृतीयांश बिलांसाठी होता आणि उरलेला स्टॉक मोजणीसाठी. म्हणजे ४०० तास, १ लाख ६० हजार रुपये. ही बचत खरी, कारण ती पगारपत्रकाच्या एका ठरावीक ओळीत दिसेल.

दुसरी गोष्ट भरतीची. धंदा वाढतो आहे म्हणून तिसऱ्या वर्षी एक कारकून घ्यायचे आधीच ठरले होते, वर्षाला ३ लाख रुपये खर्चून. कुणीतरी सुचवले की ही भरती आता कायमचीच रद्द दाखवू. इथे बाईंनी अडवले. ओव्हरटाइमसाठी ४०० तास खर्ची पडले, उरले १,११२. एका माणसाचे कामाचे तास वर्षाला १,९००च्या पुढे जातात. तोच तास एकदा ओव्हरटाइमच्या नावाने आणि पुन्हा भरतीच्या नावाने विकता येत नाही. उरलेल्या तासांत वाढते काम फार तर एक वर्ष निभावेल. म्हणून भरती रद्द न दाखवता वर्षभर पुढे ढकललेली दाखवायची: ३ लाख रुपये, फक्त तिसऱ्या वर्षी. प्रस्तावांमध्ये अशी दुहेरी विक्री फार होते आणि सहज लपते, कारण एक ओळ हिशेब खात्याने लिहिलेली असते आणि दुसरी मनुष्यबळ विभागाने. सगळ्या ओळींतले तास एका कागदावर आणून बेरीज केली की मगच ती दिसते.

आता हाती न लागणारे फायदे. ‘चुका कमी होतील’, ‘पुरवठादार खूश राहतील’ ही वाक्ये खोटी नसतात, फक्त अर्धवट असतात. त्यांना एकच प्रश्न विचारत राहायचा: बरं, मग काय होईल? उत्तर बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचले तर आकडा लिहायचा. वाटेत थांबले तर जिथे थांबले तिथेच शब्दांत नोंदवायचे.

दुबार पेमेंटचे पाहा. विक्रेत्याचे ३ लाख आले कुठून? गेल्या तीन वर्षांत चुकून दोनदा दिली गेलेली रक्कम ९ लाख होती, तिला तीनने भागून. पण त्यातले ७ लाख ८० हजार पुढच्या बिलांतून वळते करून परत मिळाले होते. बुडाले ते १ लाख २० हजार, वर्षाला ४० हजार. त्यातही सॉफ्टवेअर सगळे पकडेल का? जुनी प्रकरणे उघडल्यावर गंमत कळली. एकच बिल एकदा `INV/047` म्हणून आणि ईमेलवरून पुन्हा `INV-47` म्हणून चढले होते. तंतोतंत तोच क्रमांक शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ही दोन वेगळी बिले वाटणार. पुरवठादार, रक्कम आणि तारीख एकत्र जुळवून पाहण्याची सोय महागड्या आवृत्तीत होती आणि ती काही घ्यायची नव्हती. म्हणून निम्मे धरले: २० हजार.

कॅश डिस्काउंटची साखळी याहून शिकवणारी आहे. काही पुरवठादार ३० दिवसांऐवजी १० दिवसांत पैसे दिले तर १ टक्का सोडतात. त्यांच्याकडची वर्षाची खरेदी २ कोटींची. बिल आज १९ दिवस टेबलांवर फिरते, ते ८ दिवसांत पास झाले तर १ टक्का म्हणजे २ लाख मिळतील, हे खरे. पण पैसे २० दिवस आधी गेले, आणि कारखाना चालतो बँकेच्या कॅश क्रेडिटवर, १० टक्के व्याजाने. २ कोटींवर २० दिवसांचे व्याज जवळपास १ लाख १० हजार होते. उरले ९० हजार. शिवाय रोखीची तंगी असलेल्या महिन्यांत बिल पास होऊनही पेमेंट निघत नाही. मागचे बँक स्टेटमेंट पाहून बाईंनी निम्मे महिने धरले: ४५ हजार. दोन लाखांचे पंचेचाळीस हजार होताना कुणी निराशावादी व्हावे लागले नाही, नुसते बँकेचे व्याज मोजावे लागले.

एक फायदा त्यांनी पूर्ण वगळला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याप्रमाणे, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ होत जाणारे व्याज लागते. सॉफ्टवेअर आल्यावर हे व्याज वाचेल, असे लिहिण्याचा मोह कुणालाही होईल. पण उशिराच्या बिलांचा माग काढला तेव्हा ती कागदांत अडकलेली नव्हती. ती विसाव्या दिवशीच पास होऊन खात्यात पैसे येण्याची वाट पाहत पडली होती. रोग पैशाचा आणि औषध कागदाचे, तर गुण येणार कसा?

राहिली ती पुरवठादारांच्या फोनांपासून सुटका, साहेबांना रोजच्या रोज दिसणारी देणी आणि महिनाअखेरी वेळेवर घरी जाणारी माणसे. यांना आकडा दिला नाही. ही नावे मात्र कागदावर ठेवली, कारण त्यांचा उपयोग पुढे होणार होता.

या सगळ्याची वर्षाची बेरीज, भरती सोडून, २ लाख २५ हजार. विक्रेत्याच्या १३ लाख ६४ हजारांसमोर. आणि तीसुद्धा पहिल्या दिवसापासून नाही. नवी पद्धत बसेपर्यंत जुनी रजिस्टरे चालूच राहतात, दोन-तीन महिने काम दुप्पट होते आणि कुणीतरी ज्येष्ठ कर्मचारी प्रत्येक बिलाची प्रिंट काढून फाइलला लावतच राहतो. पहिल्या वर्षी ३० टक्के, दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्यापासून पूर्ण, असे धरले.

फायदे नेहमी पुढच्या वर्षांत आणि खर्च मात्र आत्ता, ही परिस्थिती मोठ्या प्रकल्पांत किती धोक्याची होते ते ब्रिटनने पाहिले आहे. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या राष्ट्रीय संगणकीकरण कार्यक्रमाचे फायद्यांचे विवरण राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ साली तपासले. मार्च २०१२पर्यंत ७.३ अब्ज पौंड खर्च झाले होते आणि फायदा अंदाजे ३.७ अब्जांचा झाला होता. शेवटपर्यंतचा फायदा १०.७ अब्ज आणि खर्च ९.८ अब्ज दाखवून ताळेबंद जमेच्या बाजूला आणला होता, पण त्या फायद्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग अजून यायचा होता. त्याच ब्रिटनचा अर्थ विभाग आपल्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेत अंदाज करणाऱ्यांच्या आशावादासाठी आकड्यांत उघड दुरुस्ती करायला सांगतो आणि रोखीत मोकळा होणारा फायदा व न होणारा फायदा वेगळे दाखवायला लावतो.

वटावाची पाळी यानंतर येते. पुढच्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, म्हणून प्रत्येक वर्षाची रक्कम ठरावीक दराने कमी करून आजच्या किमतीला आणायची. कारखान्याने दर धरला १२ टक्के. म्हणजे तिसऱ्या वर्षीचा रुपया आजचे साधारण ७१ पैसे, पाचव्या वर्षीचा ५७ पैसे. अनेकांची समजूत असते की अंदाज फुगलेला वाटत असेल तर हाच दर थोडा वाढवावा, म्हणजे सावधगिरी आपोआप आली. करून पाहू. विक्रेत्याच्या आकड्यांतून वार्षिक ६० हजार वजा करून पाच वर्षांचा वटाव १२ टक्क्यांनी काढला आणि सुरुवातीचे ५ लाख वजा केले, तर निव्वळ फायदा सुमारे ४२ लाख येतो. दर १७ टक्के केला तरी तो ३६ ते ३७ लाख राहतो. फुगा होता तेवढाच. दर वाढवल्याने लांबच्या वर्षांतली रक्कम जास्त घटते आणि पहिल्या वर्षाची फारशी घटत नाही, आणि सॉफ्टवेअरच्या अंदाजांत सगळ्यात खोटे असते ते पहिलेच वर्ष.

बाईंचे आकडे असे पडले. वार्षिक खर्च वजा जाता पहिल्या वर्षी हाती साडेसात हजार, दुसऱ्या वर्षी १ लाख २० हजार, तिसऱ्या वर्षी भरती पुढे गेल्याने ४ लाख ६५ हजार, चौथ्या आणि पाचव्या वर्षी १ लाख ६५ हजार प्रत्येकी. १२ टक्क्यांनी आजची किंमत सुमारे ६ लाख ३२ हजार. त्यातून ५ लाख गेले, उरले १ लाख ३२ हजार. प्रकल्प काठावर का होईना, पास.

पण त्या काठावर एकच खुंटी आहे. भरतीचे ३ लाख काढून घेतले तर शिल्लक उणे ८२ हजारांवर येते. म्हणजे कारखान्याला सॉफ्टवेअर परवडते की नाही, हे सॉफ्टवेअरपेक्षा एक माणूस वर्षभर उशिरा घेण्यावर ठरते.

इथे ती बिनआकड्याची नावे पुन्हा कामाला आली. भरती पुढे गेलीच नाही असे समजा. मग उणे ८२ हजार भरून निघायला पाच वर्षे दरवर्षी सुमारे २२ हजार ७०० रुपयांचा आणखी फायदा हवा, महिन्याला १,९०० रुपये. आता ‘कर्मचाऱ्यांच्या समाधानाची किंमत किती?’ असा विचारूनही उत्तर न मिळणारा प्रश्न उरत नाही. प्रश्न साधा होतो: पुरवठादारांचे फोन थांबणे, देणी रोज डोळ्यांसमोर असणे आणि माणसे वेळेवर घरी जाणे, या सगळ्याचे मिळून महिन्याला १,९०० रुपये तुम्ही द्याल का? कारखान्याचे मालक लगेच ‘देईन’ म्हणाले. हीच तूट महिन्याला ४० हजारांची निघाली असती तर ते लगेच बोलले नसते, आणि त्यांचे गप्प बसणे हेच उत्तर झाले असते.

या रीतीची मर्यादाही आहे. तूट छोटी करायची असेल तर वरच्या आकड्यांत हात घालता येतो. १४ मिनिटांची १५ केली की सुटणारे तास वाढतात आणि भरती दीड वर्ष पुढे ढकलल्याचे दाखवता येते, किंवा पहिल्या वर्षाचे ३० टक्के हळूच ५० होतात. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर बाईंनी दोन रकाने जोडले: हा फायदा खरा झाला हे कोणत्या कागदावर दिसेल, आणि तो कोणाच्या नावावर. ओव्हरटाइमसमोर पगारपत्रकातली ओळ आणि शिफ्ट इन्चार्जचे पद. डिस्काउंटसमोर खातेवहीतले खाते आणि रोखपालाचे. भरतीसमोर फॅक्टरी मॅनेजर.

मॅनेजरसाहेबांनी कागद वाचला, हसून सही केली आणि म्हणाले, ‘मॅडम, काम वाढलं तर मात्र मला माणूस लागेलच.’ बाईंनी सहीखालची तारखेची रिकामी जागा दाखवली. माणूस कोणत्या महिन्याच्या आत मागणार नाही, तो महिना तिथे लिहायचा होता. साहेबांनी कागद परत आपल्याकडे ओढला आणि कॅलेंडर मागवले.